उडी वळणावर घडते

तालुकास्तरीय शालेय स्पर्धांमध्ये एक दृश्य वारंवार दिसतं. उंच उडीचा बार लागलेला असतो, पलीकडे जिम्नॅस्टिकच्या पातळ चटया एकावर एक टाकलेल्या असतात आणि एखादा मुलगा समोरून सरळ धावत येऊन ऐन बारजवळ गर्रकन पाठ फिरवतो, मान मागे टाकतो आणि स्वतःला पलीकडे झोकून देतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मोबाइलवर ऑलिंपिकची उडी पाहून त्याने ती उचललेली असते आणि त्या चित्रफितीत त्याच्या डोळ्यांत भरलेला असतो तो शेवटचा अर्धा सेकंद: कमानीसारखी वाकलेली पाठ. त्याआधीची आठ-दहा पावलं त्याला दिसलेली असतात, पण त्यांच्याकडे त्याने पाहिलेलं नसतं.

ही पुस्तिका त्या पावलांसाठी लिहिली आहे. फ्लॉप ही पाठीची उडी आहे अशी समजूत आपल्या मैदानांवर इतकी पक्की आहे की शिकवणारेही पहिल्याच दिवशी मुलांना मॅटकडे पाठ करून उभं करतात आणि ‘मागे वाक, कमान कर’ म्हणून सुरुवात करतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. खेळाडू किती उंच जाणार, कोणत्या दिशेने जाणार आणि हवेत कसा फिरणार, हे त्याचा पाय जमिनीवरून सुटेपर्यंत ठरून गेलेलं असतं. त्यानंतर शरीराचा गुरुत्वमध्य एका ठरलेल्या वक्रावरून जातो आणि तो वक्र हवेत कुणालाही बदलता येत नाही. म्हणून फ्लॉप शिकवायची ती वळणावर. कमान शेवटी येते, आणि वळण नीट झालं असेल तर बरीचशी आपोआप येते.

या उडीचा जन्मही हेच सांगतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या मेडफर्ड गावचा डिक फॉस्बरी शाळेत असताना कात्री उडी मारायचा. त्या काळी प्रतिष्ठा होती ती बारवर पोट टेकवल्यासारखं पालथं होऊन जाण्याच्या स्ट्रॅडल शैलीला, आणि ती त्याला जमत नव्हती. १९६३ च्या सुमारास कात्री मारतानाच तो कंबर वर उचलण्यासाठी खांदे मागे टाकू लागला. मग उडीगणिक थोडं अधिक मागे, असं करत तो पूर्ण पाठीवर आला. पाच वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये, २.२४ मीटरची उडी मारून त्याने सुवर्णपदक घेतलं. कॅनडाची डेबी ब्रिल त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच शैलीपाशी पोचली होती. दोघांच्याही मागे एक भौतिक कारण उभं होतं: वाळूच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या खड्ड्याऐवजी फोमच्या उंच गाद्या मैदानावर येऊ लागल्या होत्या. गादी नसती तर पाठीवर पडण्याचा विचार कुणी केला नसता. शैली आणि गादी या एकाच शोधाच्या दोन बाजू आहेत आणि शिकवतानाही त्या वेगळ्या करता येत नाहीत.

फ्लॉप आल्याबरोबर स्ट्रॅडल संपली असंही झालं नाही. व्लादिमीर याश्चेन्कोने १९७८ मध्ये स्ट्रॅडलनेच २.३४ मीटरचा विश्वविक्रम केला होता. तरीही फ्लॉप जिंकली. तिच्यात धावेचा वेग अधिक वापरता येतो आणि ती लवकर शिकता येते. आज पुरुषांचा विक्रम हाविएर सोतोमायोरच्या १९९३ मधल्या २.४५ मीटरवर आहे, महिलांचा यारोस्लावा माहुचिखच्या २०२४ मधल्या २.१० वर, दोन्ही फ्लॉपचे. ‘लवकर शिकता येते’ हा गुण शाळेच्या मैदानावर मात्र दुधारी ठरतो. अर्धवट फ्लॉपनेसुद्धा कात्रीपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त निघतात, आणि मग कुणाला पाया पक्का करण्याची गरज वाटत नाही.

आता वळण कशासाठी, हे नीट समजून घेऊ. वळणावर वेगाने धावणाऱ्याला आतल्या बाजूला झुकावंच लागतं, जसं सायकलवाला घाटातल्या वळणावर झुकतो. फ्लॉपच्या वळणाचा आतला भाग म्हणजे बारपासून दूरची बाजू. म्हणजे शेवटच्या पावलांत खेळाडू बारपासून दूर कललेला असतो. यातून दोन गोष्टी मिळतात. पहिली, गुडघे फार न वाकवता गुरुत्वमध्य खाली येतो, त्यामुळे वेग न गमावता उडीसाठी उचल घ्यायला जागा मिळते. दुसरी अधिक महत्त्वाची. टेक-ऑफचा पाय टेकला की कललेलं शरीर सरळ होऊ लागतं. पाय जागेवर असतो आणि डोकं-खांदे बारच्या दिशेने फिरत येतात. पाय सुटायच्या क्षणी शरीर जवळजवळ उभं झालेलं असतं, पण ते फिरणं थांबत नाही. तेच पुढे हवेत त्याला आडवं करतं. खांदे आधी बारवर जातात, मग कंबर, मग पाय. जो मुलगा सरळ धावत येतो त्याच्याकडे हा कल नसतो, म्हणून त्याला स्वतःहून बारवर झोकून द्यावं लागतं. झोकून दिलेली ताकद पुढे जाते, वर जात नाही.

किती झुकायचं, हे वेग आणि वळणाची त्रिज्या मिळून ठरवतात. शाळकरी मुलीचा शेवटच्या पावलांतला वेग सेकंदाला ५ मीटर धरा. ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर तिला साधारण २३ अंश झुकावं लागेल. तीच मुलगी ८ मीटर त्रिज्येवर धावली तर कल १८ अंशांवर येतो, आणि ४ मीटरवर तो ३२ अंशांच्या पुढे जातो. तेवढा कल तिला पेलत नाही. ती वेग कमी करते किंवा तिचा पाय घसरतो. म्हणून मोठ्या खेळाडूंची आखणी उचलून लहानांच्या पायाखाली घालू नये. मुलं वेगवान होत जातील तशी त्रिज्या अर्ध्या-अर्ध्या मीटरने वाढवावी. वळण फार घट्ट झालं तर पावलं बाहेर सांडतात, आणि फार सैल झालं तर मूल उभ्या अंगाने धावतं. बारच्या मागे उभं राहून पाहिलं तर दोन्ही गोष्टी लगेच दिसतात.

आखणी करायला एक फक्कीची पिशवी, सुतळी आणि खुंटी पुरते. डाव्या पायावर उडणारी मुलगी धरू. ती बारसमोर उभी राहिली की उजव्या बाजूने येणार आणि डावीकडे वळणार. टेक-ऑफचा पाय नेहमी बारपासून दूरचा, हे आधी प्रत्येक मुलाकडून तपासून घ्यावं. आपल्याकडे चुकीच्या बाजूने धावणारी मुलं कमी नाहीत. तिची टेक-ऑफची खूण उजव्या स्टँडपासून एक मीटर आत आणि बारपासून ७० सेंटिमीटर अलीकडे करायची. मग डाव्या, म्हणजे पलीकडच्या स्टँडसमोर, बारच्या रेषेपासून ५.९ मीटर अलीकडे खुंटी ठोकायची. खुंटीला ६ मीटर सुतळी बांधून टेक-ऑफच्या खुणेपासून मैदानाकडे फक्कीचा वक्र ओढत न्यायचा. उजव्या स्टँडच्या बाहेर २ मीटर आणि बारपासून ५.९ मीटर अशी जागा आली की वळण तिथे थांबवायचं. या वक्राची लांबी सव्वासहा मीटर भरते, म्हणजे शाळकरी मुलीची पाच पावलं. तिथून बारशी काटकोनात सरळ मागे तीन पावलांची रेघ. एकूण आठ पावलं: डावा पाय खुणेवर ठेवून निघाली तर पहिलं पाऊल उजवं आणि आठवं डावं पडतं, जे हवंच आहे. खुंटी धाव सुरू होण्याआधी उपटून टाकायची, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण ती विसरली जाते.

या रेघेवर पहिले काही तास बारच लावू नये. नुसतं धावायचं. सरळ रेघेवर वेग घ्यायचा, वळणावर आत झुकायचं, आणि टेक-ऑफच्या खुणेवरून उडी न मारता धावत पुढे निघून जायचं. मॅट अजून मांडायची नाही, म्हणजे मुलीला पुढे जायला वाट राहते. शिकवणाऱ्याचं लक्ष खांद्यांवर नव्हे, घोट्यांपासून डोक्यापर्यंतच्या एका रेषेवर हवं. बरीच मुलं फक्त खांदा आत पाडतात आणि कंबर उभीच ठेवतात. ते झुकणं नव्हे, वाकणं आहे, आणि त्यातून टेक-ऑफला काहीच मिळत नाही. वेग बरोबर आहे का, हे मोबाइलच्या चित्रफितीवरून मोजता येतं: वक्रावरचं अंतर सव्वासहा मीटर, वेळ सव्वा सेकंद, म्हणजे वेग ५ मीटर. दर वेळी एकच वेळ येऊ लागली की उडीकडे जायचं.

टेक-ऑफमध्ये माझ्या मते एकाच गोष्टीची काळजी जिवापाड घ्यावी: पाय कसा टेकतो. पाऊल वळणाच्याच दिशेने पडायला हवं. वर सांगितलेल्या आखणीत ही दिशा बारशी साधारण ३० अंशांची येते, म्हणजे बोटं पलीकडच्या स्टँडच्या मीटरभर मागे रोखलेली. उत्साहाच्या भरात मुलं पाऊल बारला समांतर टाकतात किंवा बाहेर वळवतात. मग शरीर एका दिशेने पुढे जातं आणि पाऊल दुसऱ्या दिशेला रोवलेलं राहतं. घोटा आतल्या बाजूला दबतो, गुडघ्याला पीळ पडतो. अशा उडीनंतर घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्यात दुखतं म्हणणाऱ्या मुलाचे पावलाचे ठसे आधी पाहावेत, पट्टी नंतर बांधावी. ओल्या मातीवर किंवा ताज्या फक्कीवर ते स्पष्ट उमटतात.

उरलेलं थोडक्यात सांगता येतं. शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब, शेवटचं आखूड आणि चटकन. पूर्ण तळवा टेकतो, टाचेवर ब्रेक मारल्यासारखा नाही. मोकळ्या पायाची मांडी वेगाने जमिनीला समांतर येईपर्यंत वर जाते आणि क्षणभर तिथेच राहते. ती वर जाताना बारपासून थोडी दूर, आतल्या खांद्याच्या दिशेने वळली की पाठ आपोआप बारकडे होते. ‘पाठ फिरव’ असं तोंडाने सांगू नये. सांगितलं की मूल जमिनीवर असतानाच फिरतं. ‘गुडघा वर’ एवढंच सांगावं.

एका मुलीचं उदाहरण देतो, कारण यात सगळ्यात सामान्य दोष आहे आणि त्यावरचा सगळ्यात सामान्य चुकीचा उपायही. नववीतली मुलगी, डाव्या पायावर उडणारी, कात्रीने १.२० मीटर सहज काढणारी. वर दिलेल्या आखणीवर ती छान धावत होती. बार लागला आणि १.१५ वरही ती तो पाडू लागली. प्रत्येक वेळी बार पडत होता तो वर जाताना, खांद्याच्या मागच्या भागाने किंवा कमरेने. पाहणाऱ्यांचं निदान एकच: ‘फार जवळून उडतेय, खूण अर्धा फूट मागे घ्या.’ निरीक्षण खरं होतं. तिचं पाऊल बारपासून ७० ऐवजी ३५ सेंटिमीटरवर पडत होतं. पण त्याच ठशात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं: ते पाऊल अलीकडच्या स्टँडपासून मीटरभर आत पडायला हवं होतं आणि पडत होतं साठ-बासष्ट सेंटिमीटरवर.

धाव नुसती लांब झाली असती तर ती वक्रावरूनच पुढे सरकली असती, म्हणजे बारच्या जवळ आणि बारच्या मध्याकडेही. इथे ती बारच्या जवळ आली होती, पण मध्यापासून मागे राहिली होती. हे फक्त एकाच प्रकारे होऊ शकतं: सहाव्या पावलानंतर तिने वळणं सोडून दिलं आणि शेवटची दोन पावलं सरळ रेषेत टाकली. गणित करून पाहा. वळण संपायच्या दोन पावलं आधी तिची दिशा बारशी ५४ अंशांची असते. तिथून अडीच मीटर सरळ धावलं की पाऊल नेमकं ३५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. फक्कीवरचे सातवा आणि आठवा ठसा पाहिले तर दोन्ही रेघेच्या बाहेर, बारच्या बाजूला होते. बार दिसला की तिचं मन उडीकडे जात होतं, शरीर सरळ होत होतं आणि झुकाव टेक-ऑफच्या आधीच संपत होता. मग वर जायला उरत होतं फक्त बारवर पडणं.

खूण मागे घेतली असती तर बार कदाचित पडला नसता. पण दोष जागच्या जागी राहिला असता आणि उंची वाढवल्यावर पुन्हा डोकं वर काढता. उपाय वेगळा केला. बारच्या जागी इलॅस्टिकची दोरी बांधली, कात्रीची उडी ठेवली आणि धाव तीच वळणाची. कात्रीने वळणावरून उडायचं आणि मॅटवर पायांवर उतरायचं. कात्रीत पाठीवर जायची घाई नसते, म्हणून शेवटच्या दोन पावलांत आत झुकून राहायला मन तयार होतं. सातवा आणि आठवा ठसा रेघेवर परतले तेव्हा दोरी थोडी वर घेतली. उंची इतकी झाली की पाय वर काढणं अवघड होऊ लागलं, तेव्हा ती आपोआप कंबर उचलू लागली आणि पाठीवर उतरू लागली. फॉस्बरीची वाट तीच होती. कात्रीतून फ्लॉपकडे नेण्याचा हा क्रम या पुस्तिकेचा कणा आहे, आणि ज्यांना तो लांबचा वाटेल त्यांना मी एवढंच सांगेन की दुसरा जवळचा मार्ग मला भेटलेला नाही.

बारवरून जाण्याबद्दल जे शिकवायचं ते यानंतर, आणि ते थोडंच आहे. गुरुत्वमध्याचा वक्र ठरलेला असला तरी शरीराचे भाग एकमेकांच्या तुलनेत वरखाली करता येतात. खांदे पलीकडे गेले की ते खाली सोडायचे, टाचा नितंबांखाली ओढायच्या, गुडघे थोडे फाकलेले ठेवायचे. त्याच्या बदल्यात कंबर वर येते. चांगला खेळाडू या कमानीमुळे गुरुत्वमध्य बारच्या पातळीच्या आसपास, कधी खालून नेऊनही बार ओलांडतो. कंबर पार झाली की उलटी क्रिया: हनुवटी छातीकडे, गुडघ्यापासून पाय सरळ वर. इथे वेळेचा प्रश्न आहे, ताकदीचा नाही. पोटऱ्या किंवा टाचा बारला लागल्या तर बहुधा हनुवटी उशिरा आली. मांड्यांचा मागचा भाग खाली येताना लागला तर उडीचा माथा बारच्या अलीकडे पडला, म्हणजे टेक-ऑफ लांबून झाला. मूल मॅटच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडत असेल तर ते बारच्या बाजूने वाहत गेलं आहे. त्याचा दोष वळणात शोधावा, कमानीत सापडणार नाही. बारला काय लागलं आणि मूल कुठे पडलं, एवढं दोन ओळींत लिहून ठेवणारी वही शिकवणाऱ्याजवळ असली तर निम्मी निदानं घरी बसून होतात.

उतरायचं ते खांद्यांच्या पात्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर, हनुवटी छातीला लावलेली, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. गुडघे तोंडावर येऊ नयेत म्हणून किंचित अलग. हात मागे टेकवून स्वतःला सावरायची सवय मनगट आणि कोपर मोडते. मानेवरून मागे कोलांटी घेत उभं राहायची हौसही पहिल्या दिवसापासून बंद करावी. हे शिकवायला धाव लागत नाही: मॅटच्या कडेला पाठ करून उभं राहायचं, जागेवरून वर उडी मारून मागे, वरच्या पाठीवर पडायचं आणि दर वेळी हनुवटी आत आहे का ते सोबत्याने पाहायचं. वळण पक्कं झाल्याशिवाय मात्र या सरावाला धाव जोडू नये.

आणि आता गादी. याबाबतीत माझं मत कठोर आहे आणि ते मी सौम्य करणार नाही: पुरेशी जाड गादी नसेल तर फ्लॉप मारू द्यायची नाही, स्पर्धेतही नाही. १.४० मीटर काढणाऱ्या मुलाचं शरीर दीड मीटरच्या आसपास उंचीवरून खाली येतं. साठ सेंटिमीटर उंच फोमवर तो पडला तर सेकंदाला साधारण सव्वाचार मीटर वेगाने टेकतो आणि फोम तीसएक सेंटिमीटर दबत त्याला थांबवतो. तोच मुलगा दहा सेंटिमीटरच्या चटयांवर पडला तर सव्वापाच मीटर वेगाने येतो आणि थांबायला मिळतात जेमतेम पाच सेंटिमीटर. शरीरावर येणारा सरासरी भार सात पटींहून जास्त होतो, आणि तो येतो पाठीवर आणि मानेवर. कात्रीत उतरताना पाय हा धक्का पेलतात. फ्लॉपमध्ये पेलायला पायच नसतात.

नियमांनुसार मोठ्या स्पर्धांसाठी गादी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच लागते. इतर स्पर्धांसाठी ५ मीटर बाय ३ मीटरपेक्षा लहान नसावी. शाळेसाठी मी या दुसऱ्या मापाखाली जाऊ नये म्हणतो, कारण नवशिका कुठे पडेल हे त्यालाही ठाऊक नसतं. गादी अनेक तुकड्यांची असेल तर पट्ट्यांनी घट्ट आवळावी आणि सगळ्यांवर एकच आवरण ओढावं. दोन तुकड्यांमधली फट ही सर्वांत घातक जागा आहे, कारण शरीराच्या वजनाने ती उघडते आणि हात किंवा डोकं थेट आत जातं. पट्ट्या आवळल्यावर जोडावर उभं राहून पाय दाबून पाहावं. स्टँड आणि गादी यांत किमान १० सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर गादी हलली की स्टँड हलतो आणि बार पडतो. पण हे अंतर हातभर झालं तर मूल त्यात पडू शकतं. स्टँडचे लोखंडी पाय गादीच्या बाजूला उघडे असतील तर त्यांवर फोम बांधावा.

जुना फोम बाहेरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. तपासायची पद्धत सोपी आहे: एका मोठ्या माणसाने गादीवर गुडघा टेकवून पूर्ण वजन द्यावं, मध्ये, चारही कोपऱ्यांत आणि टेक-ऑफच्या समोरच्या भागात. खालची जमीन लागली तर तो तुकडा बदलावा. सगळ्यात आधी मरतो तो मधला भाग, कारण बहुतेक मुलं तिथेच पडतात. म्हणून तुकडे फिरवून ठेवण्याची सवय लावावी. आपल्या पावसात गादी थेट जमिनीवर ठेवली तर फोम खालून पाणी ओढतो, जड आणि टणक होतो आणि पुढच्या वर्षी निकामी होतो. खाली लाकडी फळ्यांचा चौथरा, वर ताडपत्री, आणि ऊन पडलं की आवरण उघडून हवा. एवढ्याने गादी कितीतरी वर्षं जास्त टिकते. धावेची जागाही तपासायची: शेवटच्या पाच पावलांखाली गवत, सिमेंट, वाळू यांपैकी दोन प्रकार एकत्र येता कामा नयेत, कारण मूल नेमकं तिथे सर्वांत जास्त झुकलेलं असतं.

बारसाठी फायबरचा गोल बारच हवा. बांबू आणि लोखंडी नळी यांच्यावर पाठीवर पडणं म्हणजे बरगडी मोडून घेणं. सरावाला इलॅस्टिक उत्तम, पण ती स्टँडला गाठ मारून बांधली तर अंगात अडकून स्टँडच मुलावर ओढते. टोकं नुसती गुंडाळून किंवा चिमट्याने लावावीत, जोरात ओढली की सुटतील अशी, आणि स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात.

गादी विकत घेणं बहुतेक शाळांना परवडत नाही, हे मला माहीत आहे. नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे, जो २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला आणि २.२८ मीटर मारून सहावा आला, तो लहानपणी गावात मक्याच्या कणसांच्या सालपटांनी भरलेल्या गादीवर सराव करायचा, हे त्याच्याबद्दल सर्वत्र सांगितलं गेलं आहे. ती कथा ऐकून कुणी भाताचा पेंढा पसरून फ्लॉप सुरू करू नये. भुसा किंवा साल भरलेली गादी चालू शकते, पण ती चहूबाजूंनी बंदिस्त हवी, नाहीतर दहा उड्यांत भराव कडेला सरकतो आणि मध्ये खड्डा पडतो. रोज उलथून फुगवायला हवी, पावसात भिजता कामा नये, आणि गुडघ्याची तपासणी त्याच कठोरपणे, दर सत्राआधी. एवढी देखभाल करणारा माणूस मैदानावर असेल तरच.

नसेल, तर वर्षभराचं काम तरीही आहे. वळणावरची धाव, पावलाची दिशा, वळणावरून वाळूच्या खड्ड्यात पायांवर उतरणारी कात्री, बारशिवायचा टेक-ऑफ आणि गुडघ्याची उचल, हे सगळं मातीवर होतं. पहिली चार प्रकरणं तेवढ्यासाठीच आहेत आणि त्यांत गादीचा उल्लेख नाही. पाचव्या प्रकरणापासून पुढे गादी लागते. जिल्हा क्रीडा संकुलात किंवा शेजारच्या एखाद्या शाळेत ती असेल, तर पहिल्या चार प्रकरणांचं काम झालेली मुलं महिन्यातून दोनदा तिथे नेली तरी पुरतं, कारण त्यांना तिथे शिकायचं उरलेलं असतं ते फक्त पाठीवर उतरणं आणि हनुवटी आत ठेवणं.